कानाला एक, कागदावर दोन

‘हा ___ आहे.’ रिकाम्या जागी ‘दिन’ भरा की ‘दीन’ भरा, वाक्य पुरे होते. मराठीच्या वर्कशीटवर असा प्रश्न आला की मूल अंदाजाने एक शब्द लिहिते आणि चूक ठरले तर गुमान खोडून दुसरा लिहिते. त्यातून त्याला कळते ते एवढेच, की आपण लिहिले होते ते नको होते. का नको होते हे त्या वाक्यात कुठेच नसते. चूक मुलाची नाही, वाक्याची आहे.

सारख्या उच्चाराच्या शब्दांच्या जोड्या शाळेच्या सरावात हमखास येतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ‘तिथे’ आणि ‘त्यांचे’ या अर्थांचे इंग्रजी शब्द असेच छळतात. दोन्ही कानाला सारखे, स्पेलिंग वेगळे आणि पाठ करण्यावाचून सुटका नाही. मराठीत मात्र यातल्या बऱ्याच जोड्यांमागे एक नियम आहे. तो कळला तर पाठांतर निम्म्याने कमी होते आणि चांगले वाक्य कसे बनवायचे हेही कळते.

कान का फसतो?

‘गुण’, ‘विष’, ‘दिन’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. शेवटच्या अक्षरातला ‘अ’ आपण उच्चारत नाही, आणि त्याच्या आधीचा इकार किंवा उकार आपोआप लांबतो. आपण म्हणतो ‘गूण्’, ‘वीष्’, ‘दीन्’, पण लिहितो ‘गुण’, ‘विष’, ‘दिन’. कारण हे तत्सम शब्द आहेत, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले. ते मुळात ऱ्हस्व असतील तर मराठीतही ऱ्हस्वच लिहायचे. याउलट ‘दूध’, ‘चूल’, ‘पीक’, ‘गरीब’, ‘वकील’ हे शब्द तत्सम नाहीत, म्हणून ते बोलतो तसे दीर्घ लिहायचे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये लेखनाचे चौदा नियम ठरवले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर घातली. आज शाळेत शिकवतात ते हेच अठरा नियम, आणि ही व्यवस्था त्यांतलीच.

थोडक्यात, मराठी कानाला अशा जागी एकच उच्चार ऐकू येतो, पण लेखनात शब्दाचे कूळ पाहिले जाते. दोन वेगळ्या कुळांचे शब्द एकाच उच्चारावर येऊन थांबले की जोडी तयार होते. आणि ‘दिन’ व ‘दीन’ यांच्यासारखे दोन्ही शब्द संस्कृतातले असले, तर त्यांचा मूळचा फरक मराठी उच्चारात पुसला जातो.

नेहमीच्या काही जोड्या, प्रत्येक शब्दाला एक वाक्य देऊन:

दिन (दिवस): २६ जानेवारी हा आपला प्रजासत्ताक दिन आहे.
दीन (केविलवाणा): भुकेल्या मुलाचा दीन चेहरा पाहून आजीने भाकरी वाढली.

शिर (डोके): देवळात शिरताच आजोबांनी देवापुढे शिर नमवले.
शीर (रक्तवाहिनी): रक्त काढायला नर्सने हाताची शीर शोधली.

सुर (देव): अमृतासाठी सुर आणि असुर यांनी मिळून समुद्र घुसळला.
सूर (स्वर): तंबोऱ्याचा सूर जुळताच गाणे सुरू झाले.

सुत (मुलगा): अर्जुन हा कुंतीचा सुत.
सूत (धागा): आजी चरख्यावर सूत कातत असे.

‘ला’ लावून पाहा

शब्द ऱ्हस्व लिहायचा की दीर्घ, हे ओळखण्यासाठी जुने शिक्षक एक युक्ती सांगतात. शब्दाला ‘ला’ किंवा ‘ने’ लावायचे आणि तो मोठ्याने म्हणायचा. प्रत्यय लागला की शेवटचा मुका ‘अ’ बोलका होतो, मग त्याच्या आधीचे अक्षर उगीच लांबत नाही आणि खरी लांबी कानाला कळते. ‘दिनाला’ म्हणताना ‘दि’ चटकन संपतो, ‘दीनाला’ म्हणताना ‘दी’ लांबतो. ‘दिनांक’ आणि ‘दीनानाथ’ एकापाठोपाठ म्हटले तरी हेच जाणवते.

ही युक्ती अर्ध्यावर मात्र थांबते, आणि नेमके कुठे थांबते ते माहीत हवे. प्रत्यय लावल्यावर अक्षर लांबच राहिले, जसे ‘शरीर’चे ‘शरीराला’, तर शब्द दीर्घ, प्रश्न मिटला. अक्षर आखूड झाले, तर दोन शक्यता उरतात. ‘विष’चे ‘विषाला’ होते, कारण तो शब्द मुळातच ऱ्हस्व आहे. ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते, कारण तत्सम नसलेल्या शब्दातला हा दीर्घ इकार-उकार प्रत्यय लागल्यावर ऱ्हस्व होतो. दोन्हीकडे कानाला ऱ्हस्वच ऐकू आला, पण मूळ शब्द एकदा ऱ्हस्व लिहायचा आणि एकदा दीर्घ. इथे दुसरा प्रश्न विचारावा लागतो: हा शब्द तत्सम आहे का? असेल तर ऱ्हस्व, नसेल तर दीर्घ. ‘गरीब’ अरबीतून आला, ‘दूध’, ‘पीक’ हे मराठीत घडत गेलेले, म्हणून तिन्ही दीर्घ. मुलाला हे कुळ ओळखता येईलच असे नाही. त्यासाठी कोशच उघडावा लागतो. अरुण फडके यांच्या ‘मराठी लेखन-कोशा’त मूळ शब्दाबरोबर त्याचे प्रत्यय लागतानाचे रूपही दिलेले आहे, त्यामुळे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी सुटतात.

या सगळ्याची कसोटी पाहायची तर ‘सूत’ हा शब्द घ्यावा. धागा या अर्थाचा ‘सूत’ हा ‘सूत्र’पासून मराठीत घडलेला, म्हणून दीर्घ. प्रत्यय लागला की तो आखूड होतो, म्हणूनच आपण ‘सुतावरून स्वर्ग गाठतो’. मुलगा या अर्थाचा ‘सुत’ तत्सम आणि मुळातच ऱ्हस्व, त्याचेही रूप ‘सुताला’. म्हणजे प्रत्यय लागताच हे दोन शब्द लेखनातही एक होतात. शिवाय तिसराही एक ‘सूत’ आहे, सारथी या अर्थाचा. तो तत्सम आणि दीर्घ, म्हणून ‘सूताला’ म्हणतानाही दीर्घच. कर्ण जन्माने कुंतीचा सुत, पण अधिरथ सारथ्याच्या घरी वाढला म्हणून सूतपुत्र. या एका वाक्यात दोन्ही शब्द येतात आणि अदलाबदल केली तर महाभारतच बदलते. मोठ्या मुलांच्या सरावासाठी याहून चांगले वाक्य सापडणे कठीण.

यातून वर्कशीट बनवणाऱ्यासाठी एक नियम हाती लागतो. रिकाम्या जागेत शब्द मूळ रूपातच यायला हवा. ‘चरख्यावरच्या ___ कापड विणले’ असे वाक्य दिले तर उत्तर ‘सुताने’ होते आणि ज्या फरकाचा सराव करायचा तोच नाहीसा होतो. ‘दीनांची सेवा’ यात उलट होते: प्रत्ययामुळे लांबी कानाला सरळ ऐकू येते आणि मुलाला विचारच करावा लागत नाही.

‘पाणि’ म्हणजे हात: ही जोडी चुकीच्या जागी असते

समानोच्चारी शब्दांच्या छापील याद्यांत ‘पाणि म्हणजे हात, पाणी म्हणजे जल’ अशी जोडी बहुधा असतेच. आजच्या नियमांप्रमाणे ती अशी सुटी लिहिता येत नाही. तत्सम नामाच्या शेवटी ऱ्हस्व इकार किंवा उकार असेल तर मराठीत तो दीर्घ लिहायचा: कवी, मती, गुरू. म्हणून हात या अर्थाचा सुटा शब्दही ‘पाणी’च होईल, आणि विष्णूचे नाव ‘चक्रपाणी’ लिहायचे. फरक दिसतो तो शब्द समासात आधी आला तर. तिथे मुळातला ऱ्हस्व परत येतो.

पाणिग्रहण (लग्न): मुहूर्तावर वधूवरांचे पाणिग्रहण झाले.
पाणीपुरवठा: उद्या शहराचा पाणीपुरवठा बंद राहील.

‘पाणीपुरवठ्या’तले पाणी मराठीत घडलेले, म्हणून ते समासातही दीर्घच राहते. चौकातल्या फलकांवर ‘गुरूपौर्णिमा’ दिसते तीही याच नियमाची चूक. सुटा असताना ‘गुरू’, पण समासात पुढे आला की ‘गुरुपौर्णिमा’, ‘गुरुकृपा’, ‘कविसंमेलन’. पण ‘नदी’, ‘लक्ष्मी’ हे शब्द संस्कृतातच दीर्घ, म्हणून ‘नदीतीर’, ‘लक्ष्मीपुत्र’. तेव्हा मुलांना ‘पाणि’ सुटा देऊन घोळ वाढवण्यापेक्षा ‘गुरू’ आणि ‘गुरुपौर्णिमा’ ही रूपे एकाच वाक्यात द्यावीत: ‘गुरुपौर्णिमेला आम्ही गायनाच्या गुरूंना भेटलो.’

‘पिक’ (कोकिळ) आणि ‘पीक’ ही जोडीही यादीत असते. शेतकऱ्याच्या मुलाला ‘पीक’ रोज लागते, ‘पिक’ त्याला जुन्या कवितेबाहेर भेटणार नाही. क्वचित भेटणाऱ्या शब्दासाठी रोजच्या शब्दावर शंका निर्माण करणारा सराव टाळलेलाच बरा.

घरच्या बोलीचा कान

काही जोड्या पुस्तकी मराठीत सारख्या ऐकू येत नाहीत, पण मुलाच्या घरी येतात. अनेक बोलींत ‘ण’चा ‘न’ होतो, घरात ‘पानी’ म्हणतात. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याला ‘डोया’ म्हणतात. अशा मुलाला ‘बोलतो तसे लिही’ सांगणे म्हणजे त्याला चुकायलाच सांगणे. त्याच्या दृष्टीने ‘मन’ आणि ‘मण’ ही खरीच समानोच्चारी जोडी आहे. त्याला उच्चारावरून नव्हे, अर्थावरून आणि नजरेच्या ओळखीवरून शब्द शिकवावा लागतो.

मन: परीक्षा संपल्यावर मन हलके झाले.
मण (जुने वजन, चाळीस शेर): त्या वर्षी शेतात वीस मण ज्वारी झाली.

कोण: दारात कोण उभे आहे?
कोन (भूमितीतला): काटकोन नव्वद अंशांचा असतो.

यातल्या दुसऱ्या जोडीत एक मेख आहे. मराठी भूमितीत ‘काटकोन’, ‘चौकोन’ लिहितात, पण ‘त्रिकोण’ मात्र ‘ण’चा. ‘त्रिकोणाचे तीन कोन’ या तीन शब्दांत दोन्ही अक्षरे येतात. संस्कृतात शब्द ‘कोण’ असाच आहे. ‘त्रिकोण’ तिथून तसाच आला आणि सुटा ‘कोन’ मराठीत ‘न’चा झाला. मुलाने ‘त्रिकोन’ लिहिले तर त्याने ‘कोन’ नीट लक्षात ठेवला होता, एवढे तरी मान्य करायला हवे.

टिंब आणि मोकळी जागा

१९६२ च्या नियमांनी लेखनातून पुष्कळ अनुस्वार काढून टाकले. पूर्वीचे ‘कांहीं’, ‘नांव’ आता ‘काही’, ‘नाव’ झाले. एक अनुस्वार मात्र राहिला, तो अनेकवचनाचा. ‘घर’चे ‘घरात’ आणि ‘घरे’चे ‘घरांत’. पटपट बोलताना हा फरक जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून चुका सर्वांत जास्त इथे होतात.

घरात (एका घरात): आमच्या घरात एकच पंखा आहे.
घरांत (अनेक घरांत): वस्तीतल्या सगळ्या घरांत वीज आली.

आदरार्थी बोलतानाही हेच टिंब लागते. ‘शिपायाने घंटा वाजवली’, पण ‘मुख्याध्यापकांनी बक्षीस दिले’. माणूस एकच असला तरी आदराने बोलायचे म्हणून अनेकवचन येते.

दुसरी निसटती गोष्ट म्हणजे दोन शब्दांमधली जागा. बोलताना ती ऐकू येत नाही, पण कागदावर अर्थ फिरवते.

मी ही गोष्ट ऐकली. (ही विशिष्ट गोष्ट)
मीही गोष्ट ऐकली. (इतरांबरोबर मीसुद्धा)

‘सुद्धा’ या अर्थाचा ‘ही’ मागच्या शब्दाला चिकटवून लिहायचा, ‘हा-ही-हे’मधला ‘ही’ सुटा. आणि दोन्ही दीर्घच. हिंदीतल्या ‘कि’ आणि ‘की’ या दोन वेगळ्या शब्दांची सवय असलेली मुले मराठीतही ‘कि’ लिहितात. मराठीत ‘तो म्हणाला की’ आणि ‘चहा की कॉफी’ दोन्हीकडे ‘की’ दीर्घच. म्हणून ‘कि / की’ असा पर्याय मराठी वर्कशीटवर जोडी म्हणून देऊ नये. त्यात एकच शब्द आहे, दुसरी नुसती चूक आहे.

हा भेद बऱ्याच वर्कशीटवर पाळला जात नाही. ‘योग्य शब्दाला गोल करा: दुध / दूध’ हा एक प्रकार. यात एक रूप मुळातच चुकीचे, वाक्याची गरजच नाही. ‘दिन / दीन’ हा दुसरा प्रकार. यात दोन्ही शब्द खरे, निवड वाक्यावर ठरते. दोन्ही प्रकार एकाच प्रश्नात मिसळले तर प्रत्येक जोडीत एक शब्द खोटाच असतो असे मुलाला वाटू लागते. मग ‘दीन’ नावाचा शब्दच नाही, असे त्याचे ठाम मत होऊन बसते.

वाक्य पारखायचे कसे

चांगल्या वाक्याची परीक्षा सोपी आहे. पर्याय हाताने झाका आणि घरातल्या कुणाला तरी रिकामी जागा भरायला सांगा. अपेक्षित शब्द किंवा त्याच अर्थाचा दुसरा शब्द आला तर वाक्य ठीक. ‘हा ___ आहे’ या वाक्यात आंबा, राजू, पंखा काहीही बसते, म्हणून ते नापास. ‘आज जागतिक महिला ___ आहे’ या वाक्यात दुसरे काही बसतच नाही.

दुसरी पारख व्याकरणाची. ‘हाताची ___ सापडत नव्हती’ यात ‘शिर’ की ‘शीर’ हे अर्थ न कळताही ओळखता येते. ‘शिर’ नपुंसकलिंगी, त्यामुळे ‘नव्हती’शी त्याचे जमत नाही. मोठ्या मुलांना ही खूण चालते. लहानांना अर्थावर विचार करायला लावायचा असेल तर लिंग उघडे न पाडणारे वाक्य घ्यावे: ‘रक्त काढण्यासाठी नर्सने ___ शोधली’ऐवजी ‘रक्त वाहून नेते ती ___’ हेही चालणार नाही, कारण ‘ती’ने पुन्हा लिंग सांगितले. ‘___ म्हणजे रक्तवाहिनी’ असे सरळ लिहिले की अर्थच निर्णय देतो.

तिसरी गोष्ट क्रमाची. नवे मूल असेल तर दोन्ही शब्द पहिल्याच दिवशी शेजारी ठेवू नयेत. आधी ‘सूर’ घ्यावा, त्याची दोन-चार वाक्ये लिहून घ्यावीत. तो हातात बसल्यावर आठवड्याभराने ‘सुर’ आणावा. दोन्ही अनोळखी शब्द एकदम आले तर मुलाला जोडी लक्षात राहते, पण कोणता कुठला ते राहत नाही.

या सगळ्यातून उतरलेले पाच वाक्यांचे एक वर्कशीट असे होईल:

१. आज जागतिक महिला ___ आहे. (दिन / दीन)
२. बासरीचा ___ दुरूनही गोड वाटतो. (सुर / सूर)
३. चौरसाचा प्रत्येक ___ नव्वद अंशांचा असतो. (कोण / कोन)
४. ताईने लाडू खाल्ला, मग ___ खाल्ला. (मी ही / मीही)
५. वाडीतल्या पन्नास ___ नळ आले. (घरात / घरांत)

उत्तरपत्रिकेत नुसते ‘दिन, सूर, कोन, मीही, घरांत’ लिहून भागणार नाही. प्रत्येकापुढे एका ओळीत कारण हवे. पहिल्यात दिवस हा अर्थ आणि ‘दिनांक’मधला ऱ्हस्व. दुसऱ्यात स्वर हा अर्थ, आणि शब्द मराठीत घडलेला म्हणून दीर्घ. तिसऱ्यात भूमितीतला सुटा ‘कोन’ ‘न’चा. चौथ्यात ‘सुद्धा’ असा अर्थ, म्हणून चिकटवून. पाचव्यात पन्नास घरे, म्हणून टिंब. पुढच्या वेळी वाक्य नवे असेल, शब्दही नवा असेल. तेव्हा मुलाच्या कामी येईल ते हे कारणच.